पेन्सिलीवरचा आकडा

रेकॉर्डकाकांच्या घरी कुणी आलं की काका आधी त्याच्या चपला बघत. पायपुसण्याच्या डाव्या बाजूला, टाचा भिंतीकडे, अशा चपला काढायच्या असत. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. पाहुणा आत येऊन खुर्चीत टेकला की काका उठून बाहेर जात, त्याच्या चपला वाकून सरळ करत, परत येऊन बसत आणि म्हणत, "हं, बोला." समोरच्याचा अर्धा दम तिथंच निघून जाई.

माणूस वाईट होता असं कुणी म्हणत नसे. मीही आधी म्हणत नव्हतो. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली. तिथून कागदाचा एक कपटा कधी हलला नाही. एकदा एका वकिलानं फायलीवर शाई सांडली, तर काकांनी त्या डागाची लांबी-रुंदी मोजून तारखेसह नोंद करून ठेवली होती. पुढे त्या नोंदीचा कुणालाही काही उपयोग झाला नाही, पण काका ती गोष्ट सांगताना अजूनही ताठ बसतात. निवृत्त झाल्यावर चार महिने त्यांनी घर डोक्यावर घेतलं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर भरल्याच्या तारखा, पंख्यावर पुसल्याची तारीख. शेवटी काकूंनी हात जोडले आणि शेजारच्या घरातल्या सूनबाईला सांगितलं, "यांना कुठेतरी गुंतव गं बाई."

सूनबाईनं त्यांना 'शेजार'वर गुंतवलं. शेजार म्हणजे आमच्या गावाची वेबसाइट. भाड्याची खोली, हरवलेलं मांजर, नळाला पाणी कधी, चांगला दातांचा डॉक्टर कोण, असलं सगळं लोक तिथं विचारतात आणि सांगतात. वाचायला कुणालाही मोकळी, लिहायला खातं लागतं. ज्यानं ती काढली तो मालक नोकरीसाठी लांब गेला होता, महिन्यातून एकदा डोकावायचा. त्याला असा फुकट राबणारा, शिस्तीचा माणूस हवाच होता. वर्षभरात काका मुख्य मॉडरेटर झाले, म्हणजे तिथल्या लिखाणावर देखरेख ठेवणारे. सकाळी आठला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते कॉम्प्युटरपुढे बसत ते थेट जेवायच्या वेळेला उठत.

आता ती पेन्सिल काय आहे ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच झालं. शेजारवर आपण काही लिहिलं आणि पाच मिनिटांच्या आत दुरुस्त केलं, तर कुणाला पत्ता लागत नाही. पाच मिनिटं उलटल्यावर दुरुस्त केलं, की पोस्टच्या कोपऱ्यात छोटी पेन्सिल उगवते आणि तिच्याशेजारी आकडा, किती वेळा बदललं त्याचा. त्या पेन्सिलीवर बोट ठेवलं की जुनं आणि नवं समोरासमोर उघडतं. काढलेले शब्द लाल, घातलेले हिरवे. ते कुणालाही दिसतं. लिहिणाऱ्याला ते पुसता येत नाही. मॉडरेटरला मात्र प्रत्येक जुन्या आवृत्तीखाली एक बटण दिसतं: 'ही आवृत्ती लपवा'. ते दाबलं की ती बाकी जगासाठी नाहीशी होते, आकडा एकानं उतरतो आणि नोंद फक्त मॉडरेटरांना दिसत राहते. दुसरा उपाय म्हणजे अख्खी पोस्ट काढून टाकायची आणि नवी लिहायची. पण खाली कुणाची उत्तरं आलेली असली की लिहिणाऱ्याला तेही करता येत नाही, मॉडरेटरलाच सांगावं लागतं.

काकांना या पेन्सिलीचं विलक्षण प्रेम होतं. दोन वर्षांपूर्वी एका फर्निचरवाल्यानं जाहिरातीत 'अस्सल सागवान' लिहिलं होतं, आणि गिऱ्हाईक भांडायला आल्यावर गुपचूप 'सागवानासारखं' करून टाकलं. काकांनी पेन्सिल उघडून सगळ्या गावाला दाखवली. फर्निचरवाल्याची पाचावर धारण बसली, काकांची वाहवा झाली, आणि त्या वाहवेच्या भरात त्यांनी नियम लिहिला. नियम सातवा: शेजारवर काहीही पुसलं जात नाही. जुनी आवृत्ती कुणासाठीही, कोणत्याही कारणानं लपवली जाणार नाही. विनंती आली तर तिचं उत्तर त्याच पोस्टखाली, सर्वांसमक्ष दिलं जाईल.

ही सर्वांसमक्षची खोड कोर्टातली. तिथं हुकूम भर कोर्टात वाचून दाखवतात.

एका मंगळवारी सकाळी दहाला शेजारवर एका शिलाईवाल्या बाईनं पोस्ट टाकली. बाई गावात येऊन तीनच महिने झाले होते. पडदे, गणवेश, उशांचे अभ्रे, कपडे कमी-जास्त करून देते, असं लिहिलं होतं. आणि पुढे: 'शाळेच्या मागच्या फाटकासमोर इस्त्रीवाल्याच्या वरची खोली. मुलगी समोरच पहिलीत आहे, साडेबाराला तिला आणायला जाते, म्हणून आठ ते बारा कधीही या.' गिऱ्हाईक यावं म्हणून माणूस जे सांगतो ते तिनं सगळं सांगितलं होतं. दोघींनी लगेच खाली विचारलंही, पडदे किती दिवसांत मिळतील म्हणून.

चाळीस मिनिटांनी बाईनं आपलंच लिहिलेलं पुन्हा वाचलं. ज्या माणसापासून मुलीला घेऊन ती इतक्या लांब आली होती त्याच्या हातात आपण पत्ता आणि वेळ दोन्ही ठेवलं, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं तो सगळा मजकूर काढून तिथं 'कामासाठी इथेच मेसेज करा' एवढंच ठेवलं. ठेवलं आणि कोपऱ्यात पेन्सिल उगवली. बोट ठेवून बघते तर आपला पत्ता लाल रंगात, आधीपेक्षा जास्तच उठून दिसतोय.

मग तिनं जे केलं ते घाबरलेला माणूसच करतो. तिला वाटलं, पुन्हा पुन्हा बदललं तर जुनं मागे मागे ढकललं जाईल आणि शेवटी पडून जाईल, जास्त झालेल्या चिंध्या पिशवीतून पडतात तसं. मशीन चालवता चालवता थोड्या थोड्या वेळानं ती कुठे एक टिंब घाली, कुठे काढी. काही पडलं नाही. पेन्सिलीवरचा आकडा मात्र एकाचा सात झाला, आणि साध्या पडद्यांच्या पोस्टवर सात दुरुस्त्या कसल्या म्हणून लोक उघडून बघायला लागले.

दुपारी एकला तिनं 'मॉडरेटरला कळवा' हा फॉर्म भरला. तो फॉर्म थेट मॉडरेटरांकडे जातो, पाठवणाऱ्याकडे त्याची प्रत राहत नाही. तिनं लिहिलं होतं: 'काका, माझी पहिली आवृत्ती लपवा. किंवा पोस्टच काढून टाका. मुलीच्या वडिलांना आमचा पत्ता कळू नये. मी तुमच्या पाया पडते.'

काकांनी ते दोनदा वाचलं. सातपैकी एकच आवृत्ती लपवायची होती, पहिली, पत्ता असलेली. बाकीच्या सहांत टिंबांखेरीज काही नव्हतं. बटण त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

मॉडरेटरांसाठी वेगळी बोलण्याची जागा असते. तिथं काकांखेरीज एकट्या औषधांच्या दुकानातल्या ताई होत्या. त्या नवीन होत्या, त्यांचा अधिकार फक्त आरोग्य विभागापुरता होता, पण फॉर्म त्यांनाही दिसला होता. त्यांनी लिहिलं, "काका, लगेच लपवा हो. आपल्याकडे नोंद राहतेच की. काही पुसलं जात नाहीये."

"आज हिला लपवून दिलं तर उद्या फर्निचरवाला येईल," काकांनी उत्तर दिलं.

"फर्निचरवाला आणि ही एक का? लहान मुलगी आहे तिची."

"पत्ता मी लिहिला होता का? तिनंच लिहिला ना? ताई, तुम्ही नवीन आहात. बायका घरच्या भांडणात वाटेल ते लिहितात. कोर्टात एकतीस वर्षं बघितलंय मी."

"मग निदान पोस्ट तरी काढा."

"खाली दोन सदस्यांची उत्तरं आहेत. त्यांची नोंद मी का घालवू?"

असं म्हणून काका नियमाप्रमाणे त्या पोस्टखाली गेले आणि सर्वांसमक्ष लिहिलं: 'सदर सदस्येनं पहिली आवृत्ती लपवण्याची विनंती केली आहे. कारण: मुलीच्या वडिलांना पत्ता कळू नये. नियम सातव्यानुसार विनंती नामंजूर. ज्यांना पाहायची त्यांना जुनी आवृत्ती नेहमीप्रमाणे उपलब्ध आहे.' लिहून झाल्यावर त्यांनी एका शब्दातला काना पाच मिनिटांच्या आत नीट केला, आणि जेवायला उठले.

मला त्या उत्तरातल्या 'उपलब्ध आहे'चा जितका संताप येतो तितका कशाचाच येत नाही. पोस्ट तोपर्यंत चाळीस जणांनी पाहिली होती. संध्याकाळपर्यंत साडेतीनशे झाले. माणसाला 'तिकडे बघू नको' म्हटलं की तो आधी तिकडेच बघतो, आणि इथं तर काकांनी बोट दाखवून बघा म्हटलं होतं. त्या साडेतीनशेत मुलीच्या वडिलांचा एक मावसभाऊ होता. तो आमच्याच गावात टायरचं दुकान चालवतो.

औषधांच्या दुकानातल्या ताईंनी रात्र होण्याआधीच लिहून टाकलं, "मला यातून मोकळं करा. हे माझ्याच्यानं बघवत नाही." काकांनी एका मिनिटात मोकळं केलं. 'उतावळा स्वभाव', अशी नोंद त्यांच्या नावापुढे केली. बाईनं बुधवारी पुन्हा दोनदा फॉर्म भरला. काकांनी दोन्ही 'निकाली' या खणात टाकले.

गुरुवारी साडेबाराला शाळेच्या मागच्या फाटकावर एक माणूस उभा होता. दाढी केलेली, हातात नवी रंगपेटी. बाईला त्या दिवशी गणवेशाची एक शिवण संपवायला चार मिनिटं जास्त लागली. शिपायानं मुलीला विचारलं, "हे तुझे बाबा का?" मुलीनं मान हलवली. बाबाच होते ते, ती खोटं कशाला बोलेल? बाई जिना उतरून, रस्ता ओलांडून फाटकाशी आली तेव्हा शिपाई कुलूप लावत होता. "बाबा घेऊन गेले की," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी बाई रेकॉर्डकाकांच्या दारात उभी राहिली. काकांनी पारदर्शकतेसाठी आपला पत्ता शेजारवर दिलेला होता. दार काकूंनी उघडलं. बाई तिशीची असेल, बोटाला सुई लागू नये म्हणून घालतात ते टोपण अजून बोटातच होतं. हातात मुलीची पाण्याची बाटली होती, शाळेत वर्गात राहिलेली. ती सरळ आत येऊन बसली. काका उठले, बाहेर गेले, तिच्या चपला सरळ केल्या आणि परत आले.

"हं, बोला."

"घेऊन गेला तो तिला," बाई म्हणाली.

काकूंच्या हातातला पाण्याचा तांब्या तिथंच थांबला. काका खाकरले. "हे पहा, नियम मी तुमच्या एकटीसाठी केलेला नाही..."

"मी भांडायला नाही आले काका." ती खरंच भांडत नव्हती. भांडायचंही त्राण उरलेलं नव्हतं तिच्यात. "पोलीस म्हणतात, बापानंच नेली, आम्ही काय करणार? तूच पत्ता जाहीर दिलास म्हणतात. मी वकीलबाईंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, कोर्टातून मुलगी परत मागता येईल, पण तुला आधीपासून भीती होती हे दाखवावं लागेल. आधीचं काही लेखी आहे का? म्हटलं, आहे. शेजारवर आहे."

"काय आहे?"

"सगळंच आहे की. मी किती वाजता पत्ता खोडला ते आहे. आणि तुम्ही लिहिलेलं आहे, मी काय कारण दिलं होतं ते, तारखेसकट. मला फोनवर ते नीट उतरवून घेता येत नाही. वकीलबाई सोमवारी त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवरून कागद काढणार आहेत, शिक्के-बिक्के काय लागतात ते करून." बाटली ती या हातातून त्या हातात करत होती. "मी मागे लपवा लपवा म्हणत होते. आता नका लपवू. एवढंच सांगायला आले. तसंच राहू द्या सोमवारपर्यंत. तुम्ही कुणाचंच पुसत नाही, म्हणून मला बरं वाटलं."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "शेजारवर काही पुसलं जात नाही."

"माहितीये मला," बाई म्हणाली. काकूंनी दिलेलं पाणी ती उभ्यानंच प्यायली आणि गेली.

"तेव्हाच लपवायचं होतं ना हो," काकू म्हणाल्या. "एक बटण तर दाबायचं होतं."

"तुला त्यातलं काही कळत नाही."

काका कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. त्यांना साक्षीचा पिंजरा दिसत होता. एकतीस वर्षं त्यांनी तो बाहेरून पाहिला होता. वकीलबाई कागद पुढे करणार आणि विचारणार, हे आपण लिहिलं का? 'ज्यांना पाहायची त्यांना उपलब्ध आहे', हे आपले शब्द का? आणि समोर कोण बसलेलं असेल? त्यांच्या हाताखाली शिकलेला कारकून, प्रत्येक शब्द उतरवून घेत. ती पोरगी काकांना दिसत नव्हती. मी हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यांनी मनाची समजूत घातली ती 'बाईच्या हितासाठी' अशी.

समजूत अशी की, बाईनं रीतसर तीन वेळा विनंती केली होती. तीन फॉर्म होते. विनंती आता मंजूर करायची, बस्स. नका लपवू असं ती तोंडी म्हणाली, आणि तोंडी बोलण्याला रेकॉर्डमध्ये जागा नाही.

त्यांनी पोस्ट उघडली. पेन्सिलीवर बोट ठेवलं. पहिली आवृत्ती, लाल रंगातला पत्ता, खाली बटण. दाबलं. आकडा सातावरून सहावर आला. इथवर ते तिनं मागितलेलंच होतं. पण काका थांबले नाहीत. उरलेल्या सहा टिंबांच्या आवृत्त्याही त्यांनी एकेक करून उघडल्या आणि लपवल्या. सहा, पाच, चार करत आकडा उतरला, आणि शेवटची लपल्यावर पेन्सिलच गेली. पोस्ट अशी दिसायला लागली की जणू तिला पहिल्यापासून कुणी हात लावलेला नाही. पडदे, गणवेश, अभ्रे, कामासाठी इथेच मेसेज करा.

मग त्यांनी स्वतःचं सर्वांसमक्ष दिलेलं उत्तर काढून टाकलं. मॉडरेटरनं काढलेलं उत्तर इतरांना दिसतच नाही, मागे रिकामी जागासुद्धा राहत नाही.

शेवटी नियमांचं पान. सातव्याच्या शेवटी त्यांनी एक ओळ घातली: 'मात्र मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न असल्यास मॉडरेटरला कळवताच जुनी आवृत्ती ताबडतोब लपवली जाईल.' ओळ चांगली होती. अशीच असायला हवी होती. जतन केल्याबरोबर नियमांच्या पानावर पेन्सिल उगवली, एक आकडा घेऊन. काकांनी तिच्यावर बोट ठेवलं, बटण दाबलं आणि तीही गेली. सगळ्याला मिळून सहा मिनिटं लागली. लपवलेलं सगळं आता मॉडरेटरांनाच दिसणार होतं, आणि मॉडरेटर एकटे तेच उरले होते. मालकालाही दिसलं असतं, पण त्यासाठी त्याला कुणीतरी बघ म्हणून सांगायला हवं होतं.

ज्या साडेतीनशे जणांनी पत्ता आणि काकांचं उत्तर वाचलं होतं ते मूग गिळून बसले. एकदोघांच्या लक्षात आलं असेलही. विचारलं कुणी नाही.

सोमवारी सकाळी अकराला फोन वाजला. वकीलबाई होत्या.

"शेजारचे मॉडरेटर का? अहो, एक पोस्ट पाहतेय मी, शिलाईच्या कामाची. माझ्या अशिलाचं म्हणणं आहे, हिच्यात बदल झाले होते आणि जुनं दिसत होतं. मला तर काहीच दिसत नाही."

"जे दिसतंय तेच आहे," काका म्हणाले.

"तुमचं एक उत्तरही होतं म्हणे खाली."

"बाईंचा काहीतरी गैरसमज झालाय. मनःस्थिती ठीक नसेल त्यांची."

वकीलबाईंनी फोन थोडा बाजूला धरला असावा, कारण मागून शिलाईवाल्या बाईचा आवाज स्पष्ट आला. "कोपऱ्यात पेन्सिल होती हो. सात होता आकडा. त्यांना नीट विचारा ना. ते खोटं नाही बोलणार, ते कुणाचंच पुसत नाहीत."

पलीकडे थोडा वेळ कळफलक वाजला. मग वकीलबाईंचा आवाज, पण फोनमध्ये नाही, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतात तसा. "अहो, इथं नियमातच लिहिलंय. मुलांचा प्रश्न असला तर कळवताच ताबडतोब लपवतात. सातवा नियम, हा बघा. मग तुम्ही तेव्हा यांना कळवलं का नाही?"

काका कान देऊन होते. मग त्यांनी फोन जपून जागेवर ठेवून दिला.